गच्चीवर पाय तापतोय! हीटसिंक घरी पास, गच्चीवर नापास

खाडीकाठ | ११ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली, एक रास्पबेरी पाय ४ बसवलाय. गेट आणि पंपरूम अशा दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तो सांभाळतो. डबा बंद, प्लास्टिकचा, पावसात टिकणारा, १५० × ११० × ७० मिमी. सावली दिवसभर असते. पंखा लावायचा नाही हे ठरलेलं आहे, कारण मागच्या वर्षी लावलेला छोटा पंखा धूळ आणि खाडीची हवा खाऊन आठ महिन्यांत मेला.

मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. आता दुपारी हे दिसतं:

```
$ vcgencmd measure_temp
temp=82.8'C
$ vcgencmd get_throttled
throttled=0xe0008
```

म्हणजे गडी ऐंशीच्या वर जाऊन स्वतःचा वेग कमी करतोय आणि रेकॉर्डिंगमध्ये तुकडे पडताहेत.

मी अंदाजाने खरेदी न करता घरी प्रयोग केला. लॅमिंग्टन रोडवरून ६० × ६० मिमी बुडाचे दोन हीटसिंक आणले. 'अ' काळा, दाट पात्यांचा, दोन पात्यांमध्ये जेमतेम २ मिमी फट. 'ब' चंदेरी, खुंट्यांचा, म्हणजे कंगव्यासारखे उभे दांडे. 'क' मी स्वतः पत्रा वाकवून केलेला यू आकाराचा तुकडा. पायऐवजी २७ ओहमचा सोनेरी ॲल्युमिनियम कवचाचा रेझिस्टर बुडाला स्क्रूने आवळला आणि १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवला. प्रत्यक्षात ११.९ व्होल्ट भरले, म्हणजे साधारण सव्वापाच वॅट. आमचा पायही भिंतीवरच्या मीटरवर एवढंच खातो.

खोलीच्या हवेपेक्षा बूड किती अंश जास्त तापलं ते असं: अ १७, ब १९, क ३०.

म्हणून 'अ' डब्यात बसवला. गच्चीवर काडीचा फरक नाही, ८२ चे ८१ झाले. काय चुकतंय?

चहाबिस्किट | ११ मे, रात्री ११:०२

शीर्षक वाचून तळपायाची आग होतेय असं समजून आले होते. काशाची वाटी आणि तूप असं लिहिणारच होते 😄

असो. आमच्या घोडबंदरच्या घरात वायफायचा राऊटर टीव्हीच्या कपाटात आहे, तोही असाच तापतो आणि संध्याकाळी नेट जातं. मी त्याखाली दोन बाटल्यांची झाकणं ठेवली आहेत. त्याला पण हीटसिंक लावता येईल का?

झटपटराव | ११ मे, रात्री ११:१५

सोपं आहे हो. बंद डबा म्हणजे प्रेशर कुकर. वर-खाली भोकं पाडा, गरम हवा वरून जाईल, थंड खालून येईल. विषय संपला. आणि खरं तर या कामाला पाय कशाला हवा, ईएसपी३२ घ्या, तापतच नाही.

खाडीकाठ | ११ मे, रात्री ११:२१

@झटपटराव दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ईएसपीवर होत नाही. भोकांचा विचार आहे, पण पाऊस आणि पाली यांची भीती वाटते.

@चहाबिस्किट आधी राऊटर कपाटाबाहेर काढा, मग बघू.

उष्मांक | १२ मे, सकाळी ७:१०

रेझिस्टर वापरलात हे छान केलंत. पाय तापला की स्वतःच वॅट कमी करतो, त्यामुळे त्याच्यावर तुलना करणारे फसतात. खोलीपेक्षा किती जास्त हे मोजलंत तेही बरोबर.

एकच प्रश्न. मे महिन्यात, ऐरोलीत, रात्री, घरात प्रयोग करताना छताचा पंखा चालू होता का?

खाडीकाठ | १२ मे, सकाळी ७:३८

…होता. तीनवर.

उष्मांक | १२ मे, सकाळी ८:०५

मग तुम्ही पंख्याचा हीटसिंक निवडलात. गच्चीवरच्या बंद डब्यात पंखा नाही.

मी टीटीसी पट्ट्यात पॉवर सप्लाय बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, तिथे नवीन मुलांकडून ही चूक हमखास व्हायची. वारा ढकलणारं कोणी असेल तर पात्या जितक्या दाट तितकं बरं, कारण पृष्ठभाग वाढतो आणि हवा जबरदस्तीने आत शिरते. वारा नसेल तर हवेला वर ढकलणारी शक्ती म्हणजे तिचं स्वतःचं गरम होऊन हलकं होणं, एवढीच. ती फार नाजूक असते. प्रत्येक पातीला हवेचा एक थर चिकटून बसतो. २ मिमीच्या फटीत दोन्हीकडचे थर एकमेकांना भिडतात आणि मधून जायला वाट राहत नाही. हवा आत न शिरता बाजूने निघून जाते, पात्यांचं क्षेत्रफळ नुसतं कागदावर राहतं.

तुमच्या मापाला, म्हणजे ६० मिमी उभी पाती आणि तीसेक अंश वाढ, फट साधारण ६ मिमी हवी. पाती लांब असेल तर आणखी थोडी जास्त.

पंखा बंद करून पुन्हा मोजा. खोलीत माणसांची ये-जा नको. आणि घाई नको. वीस मिनिटांत अर्ध्या अंशापेक्षा कमी चढ झाला की मगच आकडा लिहा.

झटपटराव | १२ मे, सकाळी ९:३०

म्हणजे कमी पात्या जास्त थंड? क्षेत्रफळ कमी करून उष्णता जास्त जाते हे पटत नाही. शाळेत शिकलोय आम्ही.

उष्मांक | १२ मे, सकाळी ९:४४

पटवून घेऊ नका. 'अ' ची एक आड एक पाती हॅक्सॉने कापा आणि बघा. तीच धातू, तोच काळा रंग, तेच बूड. याहून स्वच्छ तुलना नाही.

खाडीकाठ | १५ मे, रात्री १:२०

तीन रात्री झाल्या. पंखा बंद ठेवून बेडरूममध्ये प्रयोग करायला घरून साफ नकार आला, त्यामुळे जेवणं झाल्यावर स्वयंपाकघर माझं. ओट्यावर लहान बाळाची मच्छरदाणी उघडून तिच्याखाली हीटसिंक ठेवला, म्हणजे कोणी पाणी प्यायला आलं तरी हवेचा झोत कमी लागतो. फ्रीज चालू असल्याने खोली रात्रभर दीड अंश चढली, पण खोलीचा सेन्सर शेजारीच असल्याने ते वजा होतं. सेन्सर डीएस१८बी२०. तिन्ही एका पेल्यातल्या पाण्यात बुडवून पाहिले, आपसात ०.४ अंशांचा फरक निघाला, तेवढी दुरुस्ती केली.

पंखा बंद, पात्या उभ्या, उघड्यावर: अ ४१, ब ३९, क ४९.

म्हणजे घरी पहिला आलेला 'अ' चक्क खुंट्यांच्या मागे गेला. अंतर मात्र छोटं आहे.

मग कापाकापी. पात्या कापायला दीड तास लागला आणि एक शेजारची पाती वाकली, ती पक्कडीने सरळ केली. आता फट ५ मिमी. निकाल: ३४. अर्ध्या पात्या कचऱ्यात गेल्या आणि सात अंश कमी झाले! मलाही खरं वाटेना म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा केलं, पुन्हा ३४ च.

उदबत्ती लावून पाहिली, हे सगळ्यांनी एकदा करून बघा. कापण्याआधी दाट 'अ' खाली उदबत्ती धरली तेव्हा धूर बुडापर्यंत सरळ यायचा, पात्यांच्या तोंडाशी थबकायचा आणि दोन्ही बाजूंनी पसरून बाहेरून वर जायचा. एखाद-दुसरी बारीक रेघ आत शिरायची, तीही मध्येच लोळायची. कापल्यावर तोच धूर प्रत्येक फटीत वेगळा शिरतो आणि वरून पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर पडतो. आईने विचारलं रात्री एक वाजता कसली पूजा चाललीये.

वसंतविहारी | १५ मे, सकाळी ८:५०

मस्त! पण 'अ' काळा आणि 'ब' चंदेरी, मग आकाराची तुलना कशी झाली? काळा रंग उष्णता जास्त फेकतो ना? 'ब' काळा करून बघा. माझ्याकडे बाईकच्या सायलेन्सरचा काळा स्प्रे आहे, वसंत विहारला आलात तर देतो.

उष्मांक | १५ मे, दुपारी १:१५

वसंतविहारींचा मुद्दा अगदी रास्त आहे, माझ्या नजरेतून सुटला होता. वारा नसताना उष्णतेचा चांगला पंचवीस-तीस टक्के वाटा नुसत्या प्रारणाने जातो आणि चकचकीत उघडं ॲल्युमिनियम त्या बाबतीत कंजूष असतं. पंखा असेल तर हा वाटा नगण्य, म्हणून कोणी लक्ष देत नाही.

फक्त एक दुरुस्ती. डोळ्याला दिसणाऱ्या काळेपणाचा यात संबंध नाही. या तापमानाला पांढरा ऑइलपेंटही जवळपास तेवढाच फेकतो. ऊन पडणाऱ्या जागी तर पांढराच लावावा. पातळ थर द्या, जाड थापलात तर फटी बुजतील.

खाडीकाठ | १७ मे, रात्री ११:५५

ठाण्याला कामाने गेलो होतो, स्प्रे घेऊन आलो, आभार. 'ब' चे दोन पातळ हात. ३९ चे ३५ झाले.

आता कापलेला अ ३४, रंगवलेला ब ३५. एका अंशाच्या फरकावर मी पैज लावणार नाही, माझे सेन्सर तेवढे विश्वासाचे नाहीत.

आडवे फिरवल्यावर मात्र फरक स्पष्ट झाला. हीटसिंक ९० अंशांत फिरवून पात्या जमिनीला समांतर केल्या:

कापलेला अ ३४ वरून ४१.
'ब' जसाच्या तसा, ३५.
दाट 'अ' ची नोंद कापण्याआधीच घेऊन ठेवली होती, ती ४१ वरून ४३.

दाट 'अ' ला उभं-आडवं जवळपास सारखंच. वाट मुळात बंदच होती, मग दार कुठल्या दिशेला आहे याला काय अर्थ.

उष्मांक | १८ मे, सकाळी ७:०२

म्हणूनच डबा कसा टांगला जाईल याची खात्री नसेल तर खुंट्या घ्याव्यात. इलेक्ट्रिशियन डबा आडवा लावून मोकळा होतो आणि तुमच्या उभ्या पात्यांचे सात अंश गेले.

आता खरी गोष्ट. हे सगळं उघड्यावर मोजलंत. कापलेला 'अ' झाकणबंद डब्यात ठेवा, आतल्या हवेत एक सेन्सर ठेवा आणि निदान दोन तास थांबा.

झटपटराव | १८ मे, सकाळी १०:१०

आणि मग भोकं पाडा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

खाडीकाठ | २० मे, रात्री १२:४०

दोघांचंही ऐकलं. तसाच दुसरा डबा आणला, गच्चीवरचा खराब करायला नको म्हणून.

बंद डबा, आत कापलेला अ: बूड खोलीपेक्षा ५३ अंश जास्त. आतली हवाच १९ अंश चढलेली. म्हणजे हीटसिंक आपलं काम इमानेइतबारे करतोय, आतल्या हवेपेक्षा ३४ नेच वर आहे, पण ती हवाच तापून बसली आहे.

मग खालच्या बाजूला ६ मिमीची दहा भोकं आणि वरच्या बाजूला दहा. मला वाटलं आता धाडकन पडेल. ५३ चे ५०.

पालींसाठी भोकांवर बारीक जाळी चिकटवली. ५२.

झटपटराव | २० मे, सकाळी ९:२०

काहीतरी गडबड आहे. तीनच अंश? माझ्या इन्व्हर्टरच्या कपाटाला जाळी लावली तर हाताला फरक कळतो.

उष्मांक | २० मे, सकाळी ९:५८

गडबड नाही. तुमच्या कपाटाची जाळी केवढी, वीतभर तरी असेल. ६ मिमीच्या दहा भोकांचं मिळून क्षेत्रफळ पावणेतीन चौरस सेंटीमीटर. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. त्यातून वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला दहा-पंधरा सेंटीमीटर धरला तरी ती अर्धा-पाऊण वॅटच्या आसपास घेऊन जाते, आणि आपल्याला सव्वापाच बाहेर काढायचेत. बाकीचे अजूनही प्लास्टिकच्या भिंतींतूनच जाताहेत.

डबा जेमतेम ११ ते १५ सेंटीमीटर उंच, म्हणजे धुराड्याची ओढ कमीच. तत्त्व म्हणून तुमचं म्हणणं बरोबर आहे झटपटराव, माप चुकतंय. खाली-वर प्रत्येकी पंधरा-वीस चौरस सेंटीमीटरच्या खाचा असतील तर खरा फरक दिसेल. पण खाडीच्या हवेत, पावसात, तेवढ्या उघड्या डब्यात पाय किती महिने जगेल?

बंद डब्यातला हीटसिंक म्हणजे बंद खोलीत फ्रीजचं दार उघडं ठेवल्यासारखं. उष्णता डब्याबाहेर गेलीच नाही. हीटसिंक बाहेर काढा, बूड भिंतीच्या खिडकीतून आत डोकावू दे.

चहाबिस्किट | २० मे, सकाळी ११:३०

राऊटर कपाटाबाहेर काढला. नेट जायचं थांबलं. सासूबाईंना वायरी दिसतात म्हणून तो परत आत गेला. प्रश्न तांत्रिक नाही हे मला कळलं.

खाडीकाठ | २५ मे, रात्री ११:१०

हे काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं, म्हणून सविस्तर लिहितो.

झाकणात ५० × ५० मिमीची चौकट कापली. हीटसिंक बाहेरून, कडेने सिलिकॉन आणि चार स्क्रू. रेझिस्टर आतून बुडाला लावून मोजलं: ३५ अंश. म्हणजे उघड्यावरच्या ३४ एवढंच जवळजवळ. ५३ वरून ३५! खूश होऊन दुसऱ्या दिवशी पाय बसवला.

आणि पाय ७९ वर. हीटसिंकला हात लावला तर कोमट.

कारण सांगतो. पायवर यूएसबीचे खोके १६ मिमी उंच आहेत आणि प्रोसेसर त्यांच्यापेक्षा कितीतरी खाली. पाय उलटा करून झाकणाकडे तोंड केलं की यूएसबी आधी टेकतं आणि प्रोसेसर अधांतरी राहतो. ते अंतर भरायला मी निळे थर्मल पॅड एकावर एक रचले होते, सगळं मिळून बारा-तेरा मिमीची चळत. चिप गरम, हीटसिंक कोमट. उष्णता मधल्या रबरातच अडकून बसली होती.

उष्मांक | २६ मे, सकाळी ६:५०

हात लावून पाहिलंत हे सगळ्यात उत्तम निदान. चिप गरम आणि हीटसिंकही गरम, तर हवेकडे बघा. चिप गरम आणि हीटसिंक थंड, तर मधल्या जोडाकडे बघा.

पॅड हा फक्त खाचखळगे भरण्यासाठी असतो, अंतर कापण्यासाठी नाही. मधे ॲल्युमिनियमचा भरीव ठोकळा घाला आणि पॅड दोन्ही टोकांना एक मिलिमीटर किंवा कमी. ठोकळ्याची दोन्ही तोंडं पॉलिश पेपर काचेवर ठेवून घासून सपाट करा. आणि स्क्रू हळूहळू, आलटूनपालटून आवळा, चिपवर तिरका दाब नको.

खाडीकाठ | ३० मे, रात्री १०:०५

आमच्या सेक्टरमधल्या ॲल्युमिनियम खिडक्या करणाऱ्याकडे भरीव पट्टीचा तुकडा मिळाला, त्याने चहाच्या पैशांत १४ मिमीचा कापून दिला. घासून सपाट केला, दोन्हीकडे १ मिमी पॅड.

आज दुपारी अडीच वाजता गच्चीवर टाकीखाली हवा ३६ अंश:

```
$ vcgencmd measure_temp
temp=70.6'C
$ vcgencmd get_throttled
throttled=0x0
```

डबा भिंतीला पाठ लावून उभा, हीटसिंक बाहेरच्या बाजूला, पात्या उभ्या, खाली-वर वीतभर मोकळं. हीटसिंकला हात लावला तर तीन सेकंदांत काढावासा वाटतो, म्हणजे उष्णता तिथवर पोचतेय.

वसंतविहारी | ३० मे, रात्री १०:३०

अभिनंदन! पण सिलिकॉनचा तो जोड चार महिने पाऊस आणि खारी हवा सहन करेल? कळव्याला माझ्या मित्राच्या सोलर दिव्याचं असंच झालं, पाणी आलं नाही पण आतून दव धरलं. मी तरी सिलिकॉनऐवजी रबरी गास्केट लावली असती.

उष्मांक | ३१ मे, सकाळी ७:२०

गास्केट चांगलीच, पण प्लास्टिकचं झाकण पातळ असेल तर स्क्रूंच्या मध्ये ते फुगतं आणि गास्केट दबत नाही. मी सिलिकॉनच्या बाजूने आहे. दवाचं म्हणाल तर पाय चोवीस तास चालू आहे, आत हवा नेहमी बाहेरपेक्षा गरम, तेव्हा धोका कमी. लाइट जाऊन रात्रभर बंद राहिला तर मात्र बघावं लागेल. तळाला एक ३ मिमीचं निचऱ्याचं भोक असावं, हे माझं मत.

झटपटराव | ३१ मे, सकाळी ९:१५

शेवटी भोक पाडायचंच आहे तर!

खाडीकाठ | २२ जून, संध्याकाळी ६:४५

तीन आठवड्यांची खबर. पाणी आत नाही. सिलिकॉनच्या वरच्या कडेला एक बारीक चीर दिसतेय, ती डबा ठोकताना पडली की तापून, कळत नाही. वसंतविहारींचं गास्केट डोक्यात घोळतंय.

पण काल तापमान दोन-तीन अंश जास्त दिसलं, बाहेरची हवा तर पावसाने उतरलेली. वर जाऊन पाहिलं तर ५ मिमीच्या फटींमध्ये कोळ्याने वरपासून खालपर्यंत जाळं विणलंय आणि त्यात डासांचा खच. जुन्या टूथब्रशने साफ केलं, आकडा जागेवर आला. आज सकाळी जाळं परत. खुंट्यांच्या हीटसिंकवर कोळी असाच बसतो का, कोणाचा अनुभव?

चहाबिस्किट | २२ जून, संध्याकाळी ७:१०

कोळ्याला ऊब आवडते हो. आमच्या राऊटरमागे पण आहे एक.